रंगीत क्रिएटिनमध्ये क्रिएटिन किती?

क्रिएटिन मोनोहायड्रेट ही पांढरी पावडर आहे. तिला वास नाही, चव जवळपास नाही, फार तर जिभेवर किंचित कडवट आणि दाताखाली बारीक रेतीसारखी लागते. ग्लासभर पाण्यातून ती तीन घोटांत पोटात जाते. मग अशा वस्तूला ब्लू रास्पबेरी, कालाखट्टा, मँगो आणि कोला असे स्वाद कशासाठी लावावे लागतात? कडू काढा गोड करून देणं मला समजतं. इथे औषध कडूच नाही आणि तरी त्याचं सरबत केलंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. फ्लेवर्ड क्रिएटिनमधली गोडी आणि रंग विष आहेत, असं मी म्हणत नाही. ते विष असल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, त्यातले बहुतेक तुम्हाला दुसराच डबा विकण्यासाठी केलेले असतात. माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. स्वादाच्या आडून या डब्यांमध्ये डोस लपतो, किंमत लपते आणि माल बरा की वाईट हे ओळखण्याची तुमच्या हातातली एकमेव सोपी खूणही लपते.

आधी डोस बघू, कारण सगळं त्यावरच उभं आहे. स्नायूंमधला क्रिएटिनचा साठा पूर्ण भरायला दोन रस्ते आहेत. पाच-सहा दिवस रोज 20 ग्रॅम, चार भागांत विभागून घ्यायचं आणि नंतर रोज 3 ते 5 ग्रॅम. किंवा पहिल्या दिवसापासून रोज 3 ग्रॅमच घ्यायचं आणि साधारण चार आठवडे थांबायचं. महिन्याच्या शेवटी दोघांचा साठा सारखाच भरलेला असतो. हे 1996 मध्ये स्वीडिश संशोधक हुल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूंचे तुकडे तपासून दाखवलं. म्हणजे तुमच्या कामाची गोष्ट एकच, रोज 3 ते 5 ग्रॅम मोनोहायड्रेट. व्यायामाच्या आधी घेतलं की नंतर, याने फारसा फरक पडत नाही, पण सुट्टीच्या दिवशीही घ्यावं लागतं.

आता एक नमुन्याचा डबा हातात घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत, पण अशी लेबलं शोधायला तुम्हाला फार लांब जावं लागणार नाही. डबा 300 ग्रॅमचा, किंमत 1,200 रुपये, स्कूप 10 ग्रॅमचा, म्हणजे 30 स्कूप. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘ॲडव्हान्स्ड क्रिएटिन मॅट्रिक्स’. मागे बारीक अक्षरात घटक असे: माल्टोडेक्स्ट्रिन, क्रिएटिन मोनोहायड्रेट, सायट्रिक ॲसिड, मॅलिक ॲसिड, स्वाद, गोडी आणणारे पदार्थ 955 आणि 950, रंग 133. आणि खाली, प्रत्येक स्कूपमध्ये क्रिएटिन 3 ग्रॅम.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते. जो पदार्थ सर्वांत जास्त, तो पहिला. म्हणजे क्रिएटिनच्या या डब्यात क्रिएटिनपेक्षा माल्टोडेक्स्ट्रिन जास्त आहे. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे मक्याच्या किंवा दुसऱ्या एखाद्या स्टार्चपासून केलेली, पोटात गेल्यावर साखरेइतक्याच झपाट्याने रक्तातली साखर वाढवणारी पूड. संपूर्ण 300 ग्रॅमच्या डब्यात क्रिएटिन किती आहे? तीस गुणिले तीन, म्हणजे 90 ग्रॅम. बाकीचे 210 ग्रॅम सरबताची पूड. 1,200 रुपयांना 90 ग्रॅम म्हणजे ग्रॅमला तेरा रुपयांच्या वर. आता शेजारचा साधा, बिनस्वादाचा 250 ग्रॅमचा डबा 900 रुपयांना आहे असं धरा. सगळाच क्रिएटिन, ग्रॅमला साडेतीन रुपयांच्या आसपास. रोज 3 ग्रॅम घेतलं तर रंगीत डबा महिनाभर आणि पांढरा डबा ऐंशी दिवसांच्या वर. दुकानात मात्र दोन्ही डब्यांवर वजन आणि किंमत बघून आपण म्हणतो, ‘थोडाच फरक आहे, त्यात चवही मिळते.’

माझा सल्ला असा की कोणत्याही डब्याची किंमत वजनाने भागू नका. स्कूपची संख्या गुणिले स्कूपमधलं क्रिएटिन, या आकड्याने भागा. आणि स्कूपमधलं क्रिएटिन लेबलवर दिलंच नसेल, फक्त ‘ब्लेंड 5 ग्रॅम’ असं लिहून त्यापुढे चार-पाच पदार्थांची नावं दिली असतील, तर भागाकार करायचीही गरज नाही. डबा परत ठेवा. त्या 5 ग्रॅममध्ये मोनोहायड्रेट चार ग्रॅम आहे की अर्धा, हे कंपनीला माहीत आहे आणि तिने ते तुम्हाला सांगायचं नाही असं ठरवलं आहे. ब्लेंडमध्ये क्रिएटिन हायड्रोक्लोराइड, नायट्रेट, मॅलेट अशी नावं असतात, ती भारी वाटतात. यातला एकही प्रकार साध्या मोनोहायड्रेटपेक्षा स्नायूंसाठी सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. हायड्रोक्लोराइड पाण्यात लवकर विरघळतं, एवढं खरं. पण ते पाण्यात लवकर विरघळलं म्हणून स्नायूत जास्त जात नाही.

इथे विक्रेत्याचं एक ठरलेलं उत्तर असतं, ‘माल्टोडेक्स्ट्रिन मुद्दाम घातलंय, त्याने इन्सुलिन वाढतं आणि क्रिएटिन स्नायूत ढकललं जातं.’ हे अर्धसत्य आहे म्हणूनच त्याच्याशी भांडायला हवं. 1996 मध्ये ग्रीन आणि सहकाऱ्यांनी खरोखरच असा प्रयोग केला आणि साखरेबरोबर दिलेलं क्रिएटिन स्नायूत जास्त गेलं. पण त्यांनी साखर किती दिली होती? दर 5 ग्रॅम क्रिएटिनमागे 93 ग्रॅम, तीही दिवसातून चार वेळा. आपल्या डब्यातल्या स्कूपमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन असेल चार ग्रॅमच्या आसपास. ते इन्सुलिनसाठी नगण्य आहे, डबा भरण्यासाठी मात्र पुरेसं आहे. तुम्हाला इन्सुलिनच हवं असेल तर क्रिएटिन जेवणाबरोबर घ्या. दोन पोळ्या आणि वाटीभर भात त्या स्कूपपेक्षा कितीतरी जास्त काम करतात, आणि ते तुम्ही तसेही खाणारच आहात.

दुसरी भर आंबटपणाची. सायट्रिक ॲसिड म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व. सुक्या पावडरीत ते क्रिएटिनचं काही बिघडवत नाही, कोरडं क्रिएटिन वर्षानुवर्षं टिकतं. पाण्यात मिसळल्यावर गोष्ट बदलते. पाण्यात क्रिएटिन हळूहळू क्रिएटिनिन नावाच्या टाकाऊ पदार्थात बदलतं, आणि पाणी जितकं आंबट तितकं ते लवकर बदलतं. साधारण खोलीच्या तापमानाला तीन दिवस ठेवलं तर पीएच 5.5 ला सुमारे 4 टक्के क्रिएटिन जातं, 4.5 ला 12 टक्के आणि 3.5 ला 21 टक्के. लगेच प्यायलात तर हे नुकसान मोजण्याइतकं नसतं, म्हणून ताकातून किंवा लिंबूपाण्यातून क्रिएटिन घेणाऱ्यांनी घाबरू नये. पण सकाळी शेकर भरून गाडीत ठेवणारे आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी पिणारे बरेच आहेत. तयार बाटलीतलं आंबट ‘क्रिएटिन ड्रिंक’ तर कित्येक आठवडे दुकानात उभं असतं. त्यावर मी तरी पैसे घालणार नाही. क्रिएटिनच्या चघळायच्या गोळ्यांबद्दलही मी याच कारणाने साशंक असतो: पाणी, उष्णता आणि आंबटपणा तिन्ही त्या बनवतानाच वापरावे लागतात.

आंबटपणाचं खरं बिल दातांकडे जातं. दातांवरचं एनॅमल पीएच साधारण 5.5 च्या खाली विरघळू लागतं, आणि ही फळांच्या स्वादाची सरबतं त्याच्या बरीच खाली असतात. एका दमात प्यायलं तर लाळ ते काही वेळात सावरून घेते. पण जिममध्ये शेकर बाकावर ठेवून दर सेटनंतर एक घोट, असं तासभर चालतं. त्यात घामाने शरीरातलं पाणी कमी झालेलं आणि तोंड कोरडं. साखर नाही म्हणून दात सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. कीड साखरेमुळे लागते, झीज आम्लामुळे होते. गार पाणी लागलं की दात शिवशिवणं, पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पातळ दिसणं, ही झिजेची लक्षणं. पुण्या-मुंबईतला एखादा दंतवैद्य तुम्हाला ‘रोज काय पिता?’ असं विचारील तेव्हा शेकरचं नाव आठवणीने घ्या.

आता गोडी. 955 म्हणजे सुक्रालोज, साखरेच्या सुमारे 600 पट गोड. 950 म्हणजे ॲसेसल्फेम पोटॅशियम. 951 दिसलं तर ते ॲस्पार्टेम. सुक्रालोजची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागे 15 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 900 मिलिग्रॅम. एका स्कूपने तुम्ही तिथे पोचत नाही. ॲस्पार्टेमला 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं तेव्हा खूप गाजावाजा झाला, पण त्याच वेळी सुरक्षित मर्यादा ठरवणाऱ्या समितीने किलोमागे 40 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा बदलायचं कारण नाही असं सांगितलं. फेनिलकेटोनुरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र ॲस्पार्टेम टाळायलाच हवं.

मग माझी तक्रार काय? बेरीज. ज्या मुलाच्या कपाटात फ्लेवर्ड क्रिएटिन आहे, त्याच्याच कपाटात चॉकलेट व्हे प्रोटीन आहे, प्री-वर्कआउट आहे, आणि फ्रिजमध्ये डाएट कोला आहे. चौघांतही सुक्रालोज किंवा त्याची भावंडं, आणि किती हे सहसा एकावरही लिहिलेलं नाही. मर्यादा ओलांडली जाईलच असं नाही, पण जी गोष्ट आयुष्यभर रोज घ्यायची ती बिनगोडीची सहज मिळत असताना गोड का घ्यायची? ‘शुगर फ्री’ लिहिलंय म्हणून वजन कमी होईल असं वाटत असेल, तर 2023 सालीच जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत असा सल्ला दिला आहे. शिवाय आपल्या नमुन्याच्या डब्यावर ‘शुगर फ्री’ लिहूनही आत माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या नंबरावर असू शकतं. मधुमेह असलेल्या, पन्नाशीत व्यायाम सुरू केलेल्या काका-मावशींनी हे नीट वाचावं.

रंगांबद्दल थोडक्यात. 102 टार्ट्राझिन, 110 सनसेट यलो, 122 कार्मोइसिन, 124 पॉन्सो, 129 अल्युरा रेड. 2007 मध्ये इंग्लंडच्या साउदम्प्टनमध्ये लहान मुलांवर झालेल्या अभ्यासानंतर युरोपात हे पाच आणि 104 हा पिवळा रंग असलेल्या पदार्थांवर, मुलांच्या चंचलतेवर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापणं 2010 पासून सक्तीचं झालं. टार्ट्राझिनने काही थोड्या लोकांना अंगावर पित्त उठतं किंवा दमा चाळवतो. 133 हा निळा त्या यादीत नाही. तो आतड्यातून फारसा शोषलाही जात नाही, तसाच बाहेर पडतो. ब्लू रास्पबेरी सुरू केल्यावर शौचाचा रंग हिरवट झाला म्हणून घाबरून फोन करणाऱ्यांना हेच उत्तर. परदेशातून मागवलेल्या लाल डब्यावर 120 दिसलं तर शाकाहारी मंडळींनी जाणून घ्यावं की कार्मिन हा रंग किड्यांपासून काढतात. गंमत अशी की खुद्द क्रिएटिन कारखान्यात रसायनांपासून बनतं, त्यात प्राणिज काही नसतं. आणि मांस-मासे न खाणाऱ्यांच्या स्नायूत क्रिएटिनचा साठा मुळात कमी असल्याने त्याचा उपयोगही त्यांना जास्त होतो. शुद्ध शाकाहारी वस्तूत किड्याचा रंग घालायचा उद्योग कोणी सांगितला होता?

बर्फाच्या गोळ्यावर रंग घालतात तेव्हा निदान गोळेवाला ते आरोग्यासाठी आहे असं म्हणत नाही.

आता डोस लपल्याने काय होतं ते पाहा. समजा बावीस वर्षांचा मुलगा आपला तो नमुन्याचा डबा घेतो. कोणीतरी त्याला ‘लोडिंग कर, दिवसाला 20 ग्रॅम’ असं सांगितलेलं असतं. स्कूपमध्ये 3 ग्रॅमच, म्हणून तो सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन स्कूप घेतो. क्रिएटिन झालं 18 ग्रॅम, पण एका वेळी 9 ग्रॅम. एका वेळी 10 ग्रॅमच्या आसपास क्रिएटिन घेतलं तर 5 ग्रॅमच्या मानाने जुलाब जास्त जणांना होतात, हे माहीत असलेली गोष्ट आहे. त्यासोबत 42 ग्रॅम बाकीची पूड, त्यातलं आम्ल रिकाम्या पोटी. तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं, छातीत जळजळतं, पाचव्या दिवशी डबा संपतो. मुलगा निष्कर्ष काढतो, ‘मला क्रिएटिन सूट होत नाही.’ त्याला काय सूट झालं नाही, हे त्या सहा स्कूपमधून कोणालाच सांगता येणार नाही. अशांना मी सांगतो की दोन आठवडे सगळं बंद ठेवा, मग साधी पावडर रोज 3 ग्रॅम, दुपारच्या जेवणानंतर, मोठा ग्लास पाण्यातून घ्या. त्यातही पोट बिघडलं तर क्रिएटिनला दोष द्या. सहसा बिघडत नाही.

याच लपवाछपवीचा आणखी एक परिणाम रक्ततपासणीत दिसतो. क्रिएटिन घेणाऱ्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं येऊ शकतं, मूत्रपिंडं ठणठणीत असूनही. तुम्ही क्रिएटिन घेता हे डॉक्टरांना माहीत असेल तर ते सिस्टॅटिन-सी ही दुसरी तपासणी सांगतात आणि लघवीत प्रथिनं जातात का हे बघतात. पण ज्याचं क्रिएटिन ‘एक्स्ट्रीम पंप’ नावाच्या प्री-वर्कआउटमध्ये कॅफीनसोबत मिसळलेलं असतं, तो विचारल्यावर प्रामाणिकपणे ‘नाही, मी क्रिएटिन घेत नाही’ म्हणतो. मग घरात किडनी गेल्याची रडारड. मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल तर मात्र पांढरं असो की निळं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन घेऊच नका.

पांढऱ्या पावडरीच्या बाजूने माझ्याकडे असलेला सर्वांत मोठा मुद्दा मी शेवटी ठेवलाय. ती स्वतःची थोडीफार परीक्षा देऊ शकते. मोनोहायड्रेट गार पाण्यात कमी विरघळतं, 20 अंश तापमानाला लिटरमध्ये जेमतेम 14 ग्रॅम. म्हणजे 100 मिलिलिटर, साधारण अर्धा कप, पाण्यात दीड ग्रॅमही नाही. 5 ग्रॅम पावडर अर्धा कप माठातल्या पाण्यात टाका, मिनिटभर ढवळा आणि थांबा. तळाशी पांढरे बारीक कण बसायलाच हवेत. पाणी स्वच्छ झालं, गोड लागलं किंवा बोटांना चिकट वाटलं, तर त्यात साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलं आहे. पास झाली म्हणजे पावडर शुद्ध, असं मात्र समजू नका. न विरघळणारी भेसळ यातून सुटते, त्यासाठी त्याच बॅच क्रमांकाचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवालच मागावा लागतो. पण ढोबळ फसवणूक पकडायला अर्धा कप पाणी पुरतं. फ्लेवर्ड डब्यावर हीच परीक्षा करून बघा. गोड लागणारच, चिकट लागणारच, आणि निळ्या पाण्यात तळाशी किती कण बसले हे धड दिसणारही नाही.

फ्लेवर्डच्या बाजूने एकच खरी गोष्ट आहे. काहींना ते रेतीसारखे कण खरोखर सहन होत नाहीत आणि डबा कपाटात पडून राहतो. न घेतलेल्या शुद्ध पावडरीपेक्षा रोज घेतलेलं रंगीत बरं, हे मला मान्य आहे. फक्त मग डबा निवडताना क्रिएटिन यादीत पहिलं असू द्या, ग्रॅममध्ये स्पष्ट लिहिलेलं असू द्या, आणि शेकर घोट घोट न घेता एकदाच संपवून वर साधं पाणी प्या. पण त्याआधी एक उपाय करून बघा. पाणी चहापेक्षा कमी पण हाताला चांगलं गरम लागेल असं घ्या. 50 अंशांना लिटरमध्ये 34 ग्रॅमच्या आसपास क्रिएटिन विरघळतं, म्हणजे 3 ग्रॅमला 100 मिलिलिटर पुरतं. कण राहत नाहीत. थोडं निवू द्या आणि पिऊन टाका. दुधात घातलं तरी चालतं, आणि चवच हवी असेल तर जिरेपूड घातलेलं ताक आहेच.